निवडक 14 जणांवर सगळा खर्च होतोय, उरलेल्या स्टाफचं काय करायचं?

अनुजा_चाकण (धागाकर्ती)

चाकणला शीट मेटलचे प्रेस पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआर बघते. मासिक पगारावरचा स्टाफ साधारण 180, कामगार वेगळे. दोन वर्षांपूर्वी ग्रुपच्या हेड ऑफिसकडून आलं की 'हाय पोटेन्शियल' माणसं निवडा आणि त्यांना घडवा. अप्रेझलचं रेटिंग आणि प्लांट हेडचं मत धरून 14 जण निवडले. त्यांना बाहेरचा कोच, लोणावळ्याला निवासी कार्यशाळा, एमडींसोबत तिमाही बैठक आणि प्रत्येकाला सहा महिन्यांचा एक मोठा प्रोजेक्ट.

त्या 14 पैकी एकच गेला. पण टूल रूम, क्वालिटी आणि मेंटेनन्समधले दहा-बारा वर्षं जुने लोक राजीनामे देताहेत. एक्झिट इंटरव्ह्यूत सगळे 'पगार' असं लिहितात, बोलताना मात्र दुसरंच काहीतरी येतं. ट्रेनिंगचं जवळजवळ सगळं बजेट त्या 14 जणांवर जातं, उरलेल्यांना फायर ड्रिल आणि 5एस.

पुढच्या महिन्यात दुसरी बॅच निवडायची आहे. कार्यक्रम बंद करा असं मला म्हणायचं नाहीये, कारण त्यातली काही मुलं खरंच तयार झाली आहेत. पण बाकीच्यांसाठी नेमकं काय करावं, हे ज्यांनी कारखान्यात केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

विप्लव_बाणेर

थोडं कटू वाटेल, पण 20 टक्के लोक 80 टक्के काम ओढतात हे सगळीकडे खरं आहे. पैसा मर्यादित असेल तर तो तिथेच लागला पाहिजे. सगळ्यांना थोडं थोडं वाटलं तर कुणालाच काही मिळत नाही. आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये एक चांगला माणूस पाच साध्या माणसांच्या बरोबरीचा असतो.

नीलकंठ_म

विप्लव, तुमचं निम्मं बरोबर आहे. काही कामांत वरची थोडी माणसं खरोखरच प्रचंड पुढे असतात. 2012 साली यावर एक मोठा अभ्यास झाला होता आणि त्याची बरीच चर्चा झाली. पण त्यातले लोक कोण होते? संशोधक, मनोरंजन क्षेत्रातले कलाकार, राजकारणी आणि खेळाडू. म्हणजे ज्यांचं काम एकेकट्याच्या नावावर मोजता येतं असे. प्रेस शॉपमध्ये तसं नसतं. पाच प्रेसच्या लाइनमधला एक प्रेस थांबला की उरलेले चार कितीही हुशार माणसांच्या हातात असले तरी पार्ट बाहेर पडत नाही.

अनुजाताई, मी तीस-बत्तीस वर्षं कारखान्यांतच काढली, आधी उत्पादनात, नंतर एचआरमध्ये. तुम्हाला एकच विचारतो. ते 14 जण प्रोजेक्टवर गेले तेव्हा त्यांचं रोजचं काम कुणी केलं? सगळ्यांचं नको, एकाचं सविस्तर सांगा.

बँकवाला_सांगली

आमच्या सरकारी बँकेत हा प्रकार फार जुना आहे. फास्ट ट्रॅकने वर गेलेली पोरं तिशीत मॅनेजर होतात आणि नॉर्मल चॅनलवाले त्यांच्या हाताखाली निवृत्त होतात. माझ्या मते प्रमोशनला लेखी परीक्षा ठेवावी, म्हणजे कुणाची तक्रार राहत नाही. मी स्वतः दोनदा परीक्षा दिली. दुसऱ्यांदा झालो, आणि लगेच बदली नंदुरबारला.

अनुजा_चाकण

@बँकवाला, प्रमोशन हा वेगळा विषय आहे. या 14 जणांना प्रमोशनचं वचन दिलेलं नाही. पण तुमच्याकडे रजेच्या जागी दुसरा माणूस कसा काम बघतो ते जमलं तर लिहा, त्याचा उपयोग होईल असं वाटतंय.

नीलकंठ सर, एकाचं सांगते. 400 टनी प्रेसचा एक शिफ्ट इंजिनिअर, बी.ई., पाच वर्षं अनुभव. त्याला प्रोजेक्ट दिला की प्रेसमधला डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायचा वेळ कमी कर. तेव्हा सरासरी 90 मिनिटं लागायची. आठवड्यातले तीन दिवस तो प्रोजेक्टवर. सहा महिन्यांत वेळ 50 मिनिटांवर आला, एमडींपुढे सादरीकरण झालं, सगळे खूश.

त्या तीन दिवशी शिफ्ट बघायचा आमचा डिप्लोमा झालेला सुपरवायझर, अकरा वर्षं जुना. त्याला कागदावर काहीच दिलं नव्हतं. 'जरा बघून घे' एवढंच. मार्चमध्ये तो तळेगावच्या एका कंपनीत गेला. पगार फार वाढला असंही नाही.

नीलकंठ_म

आता अजून थोडं आत जाऊ. त्या सुपरवायझरला काय करायचे अधिकार होते? संशयित माल रीवर्कला टाकायचा की स्क्रॅप करायचा, या कागदावर त्याची सही चालायची का? ओव्हरटाइम मंजूर करू शकायचा का?

अनुजा_चाकण

नाही. दोन्हीला इंजिनिअरचीच सही. तो फोन करायचा, इंजिनिअर दुसऱ्या शेडमध्ये मीटिंगला असायचा. लाल बिनमधला माल संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहायचा आणि रात्रपाळीवाले ओरडायचे. ओरडा खायचा तो सुपरवायझरच.

नीलकंठ_म

मग तुमचा प्रश्न 'बाकीच्यांना ट्रेनिंग काय द्यायचं' हा नाहीच. स्ट्रेच असाइनमेंट म्हणजे माणसाला त्याने आजवर न केलेलं, थोडं आवाक्याबाहेरचं काम देणं आणि त्यासोबत ते निभावायला लागणारा अधिकार, वेळ आणि विचारायला एक जाणता माणूस देणं. या मापाने बघा. त्या सहा महिन्यांत जास्त ताण कुणावर होता? सुपरवायझरवर. अख्खी शिफ्ट, क्वालिटीचा वाद, मनुष्यबळ, सगळं त्याच्या अंगावर, आणि यातलं काहीच त्याच्या नावावर नाही. अधिकार नाही, भत्ता नाही, कोच नाही, अप्रेझलमध्ये एक ओळ नाही. तुमच्या कंपनीने एकाच वेळी दोन स्ट्रेच असाइनमेंट चालवल्या. त्यातली एक मोजली आणि दुसऱ्या माणसाला गमावलं.

हे मी एकाच नाही, बऱ्याच प्लांटमध्ये पाहिलंय. निवडलेल्याचं रोजचं काम हवेत विरत नाही, ते शेजारच्याच्या टेबलावर जाऊन पडतं. कार्यक्रमाच्या खर्चात कोचची फी आणि हॉटेलचं बिल दिसतं, हे दिसत नाही. म्हणून मी एक नियम करून घेतला होता. प्रोजेक्ट मंजूर करायच्या फॉर्मवरच दोन रकाने. पहिला, हा माणूस रोजच्या कामातलं नेमकं काय सोडणार. दुसरा, ते कोण घेणार, किती दिवस, कोणत्या सहीच्या अधिकारासह आणि किती भत्त्यावर. दुसऱ्या रकान्यात नाव नसेल तर प्रोजेक्ट थांबतो. सुरुवातीला सगळे विभागप्रमुख चिडले. नंतर सवय झाली, कारण त्या रकान्यामुळे निम्मे हौशी प्रोजेक्ट आपोआप गळले.

जुना_सेटर

मी टूल रूमचा माणूस, आयटीआय, चाकण-भोसरी मिळून बावीस वर्षं. डाय बदलायचा वेळ कमी करायचा असाच प्रोजेक्ट आमच्याकडेही झाला होता, म्हणून लिहितो.

डाय बदलताना वेळ बोल्ट आवळण्यात जात नाही. प्रेस थांबल्यावर पुढचा डाय रॅकमधून शोधायचा, क्रेन मोकळी होईपर्यंत उभं राहायचं, प्रत्येक डायची प्लेट वेगळ्या जाडीची म्हणून क्लॅम्प आणि पॅकिंग शोधायचं, मग शट हाइट, म्हणजे प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची, अंदाजाने लावून दोन-चार पीस खराब करायचे आणि शेवटी पहिला पीस पास व्हायला क्वालिटीवाल्याची वाट बघायची. यातलं निम्मं काम प्रेस चालू असतानाच उरकता येतं. डाय आधीच प्रेसशेजारी आणून ठेवायचा, क्लॅम्पिंगची उंची सगळ्या डायना एकच करून घ्यायची, शट हाइट डायवर रंगाने लिहायची, गेज तयार ठेवायचं.

आमच्याकडच्या साहेबाने हे सगळं छान मांडलं. पण कुठल्या डायची शट हाइट किती, कुठला डाय गरम झाल्यावर किती सरकतो, हे माझ्या आणि दुसऱ्या एका सेटरच्या डायरीत होतं. आम्ही रविवारी थांबून ट्रायल घेतल्या. भिंतीवर जो फोटो लागला त्यात आम्ही नाही. साहेबावर माझा राग नाही, पोरगा चांगला होता, समजून घेऊन करायचा. पण पुढच्या प्रोजेक्टला मी डायरी उघडली नाही.

मुग्धा_टोरांटो

जुना_सेटर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटचं वाक्य प्रत्येक एचआरवाल्याने वाचायला हवं.

मला निवडीबद्दल लिहायचं आहे. अनुजा, 'अप्रेझलचं रेटिंग आणि प्लांट हेडचं मत' असं तू लिहिलंस. त्या 14 मध्ये बायका किती? विचारण्याचं कारण असं. इकडे उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या रिटेल साखळीतल्या सुमारे 30 हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. बायकांना केलेल्या कामाचे गुण पुरुषांपेक्षा जास्त मिळत होते, आणि 'पोटेन्शियल'चे गुण मात्र कमी. गंमत म्हणजे पोटेन्शियलचे गुण सारखे असलेल्या बाई आणि पुरुष यांची पुढच्या वर्षीची कामगिरी पाहिली तर बाईची जास्त भरली. तरीही पुढच्या खेपेला तिला पोटेन्शियलचे गुण पुन्हा कमीच. काम मोजता येतं, पोटेन्शियल हे बघणाऱ्याच्या नजरेत असतं. त्या नजरेला आपल्यासारखाच दिसणारा, बोलणारा माणूस लवकर दिसतो.

अनुजा_चाकण

14 मध्ये एक. ती डिझाइनची. क्वालिटी लॅबमध्ये आमच्याकडे पाच जणी आहेत आणि ग्राहकाच्या ऑडिटला त्याच उभ्या राहतात. त्यांच्यातली एकही नाही. हे लिहिताना मला स्वतःलाच लागतंय.

आणि हो, आमच्याकडे नाइन बॉक्सच, म्हणजे नऊ खान्यांचा तक्ताच भरतात. आडवी कामगिरी, उभं पोटेन्शियल.

नीलकंठ_म

नाइन बॉक्सचं मूळ बघा म्हणजे त्याची मर्यादा कळेल. 1970 च्या दशकात मॅकिन्झीने जनरल इलेक्ट्रिकसाठी तो तक्ता केला, आणि तो माणसांसाठी नव्हता, कुठल्या धंद्यात पैसा घालायचा आणि कुठून काढून घ्यायचा हे ठरवायला होता. पुढे त्याच चौकटीत माणसं बसवली गेली. धंद्यातून पैसा काढून घेतला तर धंद्याला वाईट वाटत नाही. माणसाला कळतं की आपण कुठल्या खान्यात आहोत, आणि तो तसा वागायला लागतो.

माझा अनुभव असा की आधी माणसं निवडून मग त्यांच्यासाठी कामं शोधली की प्रोजेक्ट खोटे होतात, सादरीकरणापुरते. उलटं करा. पुढच्या वर्षात प्लांटला खरोखर लागणारी अवघड कामं आधी लिहा. नव्या ब्रॅकेटचं पीपीएपी, म्हणजे ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेणं असेल, कॉइलमधलं वाया जाणारं मटेरियल असेल, एखादा पुरवठादार बदलायचा असेल. मग ती यादी नोटीस बोर्डवर लावून विचारा, कुणाला घ्यायचंय. हेड ऑफिसची 14 नावं त्यातूनच भरा, पण प्रत्येक कामावर किमान एक माणूस यादीबाहेरचा ठेवा, आणि अहवालावर दोघांचीही नावं.

विप्लव_बाणेर

20-80 चं तुमचं म्हणणं पटलं, लाइनवर ते लागू नाही. पण मुद्दा अजून सुटलेला नाही. सगळ्यांना अवघड कामं दिली तर अपयशंही वाढतील. आणि चांगल्या माणसाला कळलंच नाही की कंपनी त्याला वेगळं मानते, तर तो थांबणार कशाला? आम्ही यादी गुप्त ठेवतो आणि मॅनेजर एकेकाला वैयक्तिक सांगतो.

मुग्धा_टोरांटो

गुप्त यादी गुप्त राहत नाही. लोणावळ्याला बस निघाली की सगळ्या शॉपला नावं कळतात.

विप्लव_बाणेर

मग बस काढू नका, एवढंच. पण जाहीर केलं की न निवडलेल्या शंभरेक लोकांना तुम्ही अधिकृतपणे 'नाही' म्हणता. ते जास्त वाईट.

नीलकंठ_म

यावर माझंही मत पक्कं नाही. मी दोन्ही करून पाहिलंय. जाहीर केलं तेव्हा दोन चांगले लोक सोडून गेले, गुप्त ठेवलं तेव्हा अफवा वर्षभर चालल्या. एवढं मात्र नक्की की यादीला मुदत हवी. दर वर्षी कोरी. एकदा आत आला तो कायमचा आत, असं झालं की बाहेरच्याला प्रयत्न करण्यात अर्थ उरत नाही.

अपयशाबद्दल विप्लव बरोबर बोलतात. आव्हान वाढवत नेलं की शिकणंही वाढत जातं, असं होत नाही. एका मर्यादेनंतर माणूस शिकायचा थांबतो आणि फक्त निभावतो. त्या वेळी नियमित सांगणारा-सुधारणारा माणूस शेजारी असेल तर ती घसरण सावरते. म्हणून अनुजाताई, 14 च्या जागी 40 करू नका. प्लांटमध्ये अशी कामं शिकवू शकणारे अनुभवी लोक किती आहेत ते मोजा, तेवढ्याच असाइनमेंट द्या. बहुतेक प्लांटमध्ये हा आकडा बजेटच्या आधी संपतो.

बँकवाला_सांगली

ताईंनी विचारलं म्हणून लिहितो. आमच्याकडे मॅनेजर रजेवर गेला की पुढचा अधिकारी त्याच्या जागी बसतो. नुसता खुर्चीवर नाही, लेखी आदेश निघतो, किल्ल्या रजिस्टरवर सही करून ताब्यात घ्याव्या लागतात, आणि ठरावीक दिवसांच्या वर गेलं की ऑफिशिएटिंग भत्ता मिळतो. मी नंदुरबारला असताना मॅनेजरसाहेब आजारी पडले, तेव्हा कर्जाच्या प्रस्तावावर पहिली सही केली. हात थरथरत होता. परीक्षेच्या पुस्तकांनी जे शिकवलं नाही ते त्या तीन आठवड्यांत कळलं. आणि यासाठी माझी कुणी 'निवड' केली नव्हती, माझा नंबर होता म्हणून मिळालं.

नीलकंठ_म

बँकवाले, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा आहे. लेखी आदेश, किल्ल्या, भत्ता. सुपरवायझरला हेच तिन्ही मिळालं नाही.

अनुजा_चाकण

हे वाचून मी आज मागचे आठ प्रोजेक्ट काढून बसले. ज्या विभागांतले लोक प्रोजेक्टवर होते तिथल्या उरलेल्यांची हजेरी आणि रजा पाहिली. तीन विभागांत सहा महिने ओव्हरटाइम चढता आहे, मेंटेनन्समध्ये प्रिव्हेंटिव्हच्या तारखा सारख्या पुढे ढकलल्या आहेत आणि क्वालिटी लॅबमध्ये गेजचं कॅलिब्रेशन दोनदा मुदत उलटून झालंय. नामंजूर रजांचे अर्जही तिथेच जास्त. हे सगळं आमच्याच फायलींत होतं.

नीलकंठ_म

हीच खूण. राजीनामा सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या चार-सहा महिने आधी हे चार आकडे हलतात. प्रोजेक्ट चालू असताना दर महिन्याला तेवढेच बघा. पण एक सावधगिरी, ऑर्डर वाढली तरी ओव्हरटाइम चढतो. म्हणून प्रोजेक्टवर कुणीच नसलेला एखादा विभाग शेजारी ठेवून तुलना करा.

अनुजा_चाकण

मग दुसऱ्या बॅचसाठी असं मांडणार आहे. सहाच असाइनमेंट, आधी कामं मग नावं. प्रत्येकीला दोन रकाने. शिफ्टच्या जागेवर जो बसेल त्याला त्या काळापुरता रीवर्क-स्क्रॅपच्या सहीचा अधिकार, एका रकमेपर्यंत, आणि ॲक्टिंग भत्ता. कोचच्या तासांपैकी काही तास त्यालाही. क्वालिटी लॅबमधल्या एकीला पुरवठादार सुधारण्याचं काम, आणि तिच्या जागी लॅबमधलीच दुसरी.

अडतंय ते टूल रूमपाशी. डाय डिझाइन बघणारा आमच्याकडे एकच माणूस आहे. त्याला प्रोजेक्ट दिला तर दुसऱ्या रकान्यात लिहायला नावच नाही.

नीलकंठ_म

मग त्याला यंदा प्रोजेक्ट देऊ नका, स्पष्ट सांगा का ते, आणि त्याच्या हाताखाली एक माणूस तयार करणं हेच त्याचं या वर्षीचं काम म्हणून अप्रेझलमध्ये लिहा. लहान प्लांटमध्ये असं एक तरी टेबल असतंच. त्यावर झटपट उपाय मला तरी माहीत नाही.

जुना_सेटर

ताई, एक विनंती. टूल रूममधल्या सगळ्यांना साहेब व्हायचं नसतं. मला नाही व्हायचं. मला सुपरवायझरचं रजिस्टर नको आणि लोणावळाही नको. पण नवा प्रोग्रेसिव्ह डाय येतो तेव्हा पहिल्या ट्रायआउटला आमच्यातला एक तरी माणूस डाय बनवणाऱ्याकडे पाठवा. डाय घरी आल्यावर चूक सापडली तर दुरुस्तीला आठवडे जातात. आणि ग्राहकाकडून बरची, म्हणजे पार्टच्या कडेला राहिलेल्या धारेची, तक्रार आली की इंजिनिअरसोबत सेटरलाही त्यांच्या लाइनवर न्या. आमचा पार्ट तिथे कसा बसतो ते बावीस वर्षांत मी एकदाच पाहिलंय. त्या एका भेटीनंतर बर कुठल्या बाजूला चालतो आणि कुठल्या बाजूला अजिबात नाही हे मला कायमचं कळलं.

अनुजा_चाकण

हे लगेच करता येईल, याला हेड ऑफिसची मंजुरीही लागत नाही. पुढची ट्रायआउट 18 तारखेला राजकोटला आहे. आमच्या टूल रूममध्ये उद्याच विचारते.

एक शंका उरली. आमचे सेटर युनियनमध्ये आहेत. त्यांच्यापैकी कुणाला ॲक्टिंग सुपरवायझर केलं आणि भत्ता दिला, तर करारातल्या वर्गवारीचा प्रश्न येईल का?

नीलकंठ_म

येतो. आधी करार काढा आणि 'बदली काम' किंवा तात्पुरत्या वरच्या कामाचं कलम आहे का बघा. असेल तर त्यातलाच दर द्या, स्वतंत्र भत्त्याचं नवं नाव काढू नका. नसेल तर समितीला बोलावून आधी बोला, आदेश नंतर काढा. आमच्याकडे युनियनचं म्हणणं होतं की माणूस सेवाज्येष्ठतेनेच बसवायचा. व्यवस्थापनाला ते नको होतं. शेवटी ज्येष्ठतेने विचारायचं आणि नको म्हणाला तर पुढच्याला, असं ठरलं. पहिले दोघे नको म्हणाले, तिसऱ्याने घेतलं.

विप्लव_बाणेर

आणि समजा पहिल्याने हो म्हटलं आणि त्याला जमलं नाही तर?

नीलकंठ_म

तसंही एकदा झालं. महिनाभराने तो स्वतःच म्हणाला, मला माझा प्रेस द्या. दिला. पगार, मान काही कमी झालं नाही. मात्र परतीची ही वाट आदेशातच लिहिलेली असावी लागते, मुदत आणि मूळ जागेवर परत, दोन्ही. अनुजाताई, मसुदा झाला की नावं काढून इथे टाका, बघून सांगतो.